चौकोनी तरंगात साइन कुठून येतात? फूरिये श्रेणीमागची कल्पना

सिग्नल्स अँड सिस्टिम्सच्या पेपरात फूरिये श्रेणीवर प्रश्न आला की त्यात चौकोनी तरंग असण्याची शक्यता मोठी. बरेच विद्यार्थी सूत्र पाठ करतात आणि इंटिग्रेशन करत बसतात. पण या तरंगाचे गुणांक जवळजवळ चित्रावरूनच वाचता येतात.

आवर्ती सिग्नल म्हणजे T इतक्या काळाने तंतोतंत परत येणारा सिग्नल. असा सिग्नल एक स्थिर पातळी आणि मूळ वारंवारतेच्या 1, 2, 3… पटीतल्या साइन-कोसाइन यांच्या बेरजेने बनवता येतो, असा दावा जोसेफ फूरिये यांनी 1807 मध्ये उष्णतावहनावरील निबंधात मांडला. उड्या मारणारा सिग्नल गुळगुळीत साइनांपासून कसा बनेल, ही शंका तेव्हा लाग्रांजसारख्या गणितज्ञालाही होती.

एखादी साइन सिग्नलमध्ये किती आहे हे शोधण्याची रीत सोपी आहे: सिग्नलला त्याच साइनने गुणायचे आणि एका आवर्तनाची सरासरी काढायची. दोन वेगळ्या पटींच्या साइनांचा गुणाकार वर जितका जातो तितकाच खाली येतो, म्हणून त्याची सरासरी शून्य. साइनला कोसाइनने गुणले तरी शून्यच. मात्र साइनला स्वतःनेच गुणले तर तो कुठेही ऋण होत नाही आणि सरासरी 1/2 येते. म्हणजे बाकी सगळे घटक गळून जातात आणि हवा तो निम्म्या आकारात उरतो. सूत्रातला 2 तेवढ्यासाठीच आहे:

b_n = (2/T) ∫ f(t) sin(2πnt/T) dt

स्थिर पातळीसाठी मात्र नुसती सरासरी पुरते, दुप्पट करायची नसते. (काही पुस्तके ती a0/2 अशी लिहितात. आपले पुस्तक कोणते, हे आधी पाहून ठेवावे.)

आता पहिल्या अर्ध्या आवर्तनात +1 आणि दुसऱ्यात −1 असलेला तरंग घेऊ. त्याला पहिल्या साइनने गुणले की साइनचा खालचा उंचवटा उलटून वर येतो. एका उंचवट्याची सरासरी 2/π असते. दुप्पट केली की b_1 = 4/π, सुमारे 1.273.

दुसऱ्या हार्मोनिकचे पूर्ण आवर्तन अर्ध्या काळातच बसते: एक उंचवटा वर, एक खाली. त्या काळात सिग्नल स्थिर असल्याने दोन्ही एकमेकांना खोडतात, म्हणून b_2 शून्य. सगळ्या सम हार्मोनिकांचे असेच होते. तिसऱ्याचे तीन उंचवटे अर्ध्या काळात येतात: वर, खाली, वर. दोन खोडले जातात, एक उरतो आणि त्याची रुंदी पहिल्याच्या एक तृतीयांश असते. म्हणून b_3 = 4/(3π). पाचव्यात पाचपैकी एक उरतो, म्हणून 4/(5π). 1/n कुठून येतो, ते इथे दिसते.

पहिला घटक मूळ सिग्नलपेक्षा उंच कसा, हा प्रश्न अनेकांना पडतो. t = T/4 ला पाहू. तिथे 1.273 मधून तिसरा घटक 0.424 वजा करतो, उरतात 0.849. पाचवा मिळवून 1.103, सातवा वजा करून 0.922. अशी वर-खाली करत बेरीज 1 कडे जाते.

उडीजवळ मात्र कुरबुर राहते. कितीही घटक घेतले तरी उडीच्या कडेला एक शिंग उरते, त्याची उंची उडीच्या सुमारे 9 टक्के. इथे उडी 2 ची आहे, म्हणून शिखर 1.18 च्या आसपास. घटक वाढवले की शिंग अरुंद होऊन उडीला चिकटते, बुटके होत नाही. यालाच गिब्स परिणाम म्हणतात. ऐन उडीच्या बिंदूवर श्रेणी दोन्ही बाजूंच्या मधली किंमत देते, इथे शून्य.

आकृती थोडी बदलून आली की गोंधळ होतो. तोच तरंग T/4 ने डावीकडे सरकवला तर तो सम होतो, म्हणून साइन जाऊन कोसाइन येतात आणि चिन्हे आलटूनपालटून बदलतात. आकडे तेच राहतात: 4/π, −4/(3π), 4/(5π)… आणि तरंग 0 ते 1 असेल तर तो मूळ तरंगाच्या निम्म्यात 1/2 मिळवलेला आहे. म्हणून स्थिर पातळी 1/2 आणि गुणांक 2/(nπ).

उत्तर तपासायचे असेल तर शक्ती मोजावी. ±1 तरंगाची सरासरी शक्ती 1 आहे. पहिल्या साइनची b_1²/2, म्हणजे सुमारे 0.81, आणि तिसरीची 0.09. दोन्ही मिळून 0.90. घटकांची बेरीज 1 च्या पुढे गेली, तर कुठेतरी 2 जास्तीचा शिरला आहे.