ट्रायॅक मंदक
ट्रायॅक मंदक : प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाच्या प्रत्येक अर्धचक्राचा आरंभीचा भाग छाटून दिव्याचा प्रकाश कमी करणारे साधन. घरगुती पंख्यांच्या काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्येही हेच मंडल असते.

पूर्वी नाट्यगृहांत प्रकाश मंद करण्यासाठी दिव्यांशी एकसरीत मोठे रोधक जोडत. कमी केलेली शक्ती रोधकात उष्णतेच्या रूपाने वाया जाई व तो तापत असे. पंख्याच्या जुन्या, पेटीसारख्या रेग्युलेटरचीही हीच गत होती. १९५७ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर पुढे आणला आणि वाया जाणारी शक्ती वाचविण्याचा मार्ग खुला झाला. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जोएल स्पायरा यांनी घराच्या भिंतीवर बसेल असा घन-अवस्था मंदक तयार केला व १९६१ मध्ये त्यासाठी ल्यूट्रॉन ही कंपनी काढली. थायरिस्टर एकाच दिशेने प्रवाह सोडतो. दोन्ही दिशांनी सोडणारा ट्रायॅक १९६० नंतरच्या दशकात आला व मंडल स्वस्त झाले.

नीरेकाठच्या शिरवळ येथील एखाद्या घरात येणारा पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ असतो. म्हणजे प्रत्येक अर्धचक्र १० मिलिसेकंदांचे व त्याचे शिखर सु. ३२५ व्होल्टांचे. अर्धचक्र सुरू होताच रोधकामधून एक लहान धारित्र भारित होऊ लागते. त्याचा दाब सु. ३० व्होल्ट झाला की डायॅक नावाचा घटक संवाहक बनतो व ट्रायॅकच्या द्वाराला विद्युत् स्पंद मिळतो. ट्रायॅक एकदा उघडला की द्वाराकडून तो बंद करता येत नाही. प्रवाह ठराविक किमान मूल्याच्या (धारण प्रवाहाच्या) खाली गेला तरच तो मिटतो. मुठीने रोधक बदलला की उघडण्याची वेळ पुढेमागे होते. ती ५ मिलिसेकंदांवर (९० अंशांच्या कलाकोनावर) आणल्यास केवळ रोधकासारख्या भाराला निम्मी शक्ती मिळते. तंतूच्या दिव्याचा प्रकाश मात्र निम्म्याहून बराच कमी होतो, कारण तंतू थंड होताच दृश्य प्रकाशाचे प्रमाण झपाट्याने घटते.

तंतूचा ६० वॉटचा दिवा सु. ०.२६ अँपिअर घेतो. त्यामुळे अर्धचक्र जवळजवळ संपेपर्यंत ट्रायॅक उघडा राहतो. एखादे स्पंदन चुकले तरी तंतूची ऊब ते झाकून टाकते. ५ जानेवारी २०१५ रोजी देशव्यापी उजाला योजनेचा आरंभ झाल्यावर ९ वॉटचे एलईडी दिवे घरोघरी आले, पण भिंतीवरील मंदक बहुधा जुनेच राहिले. अशा दिव्याचा प्रवाह सरासरी सु. ४० मिलिअँपिअर इतकाच असतो आणि त्यातील एकदिशकारक व धारित्र तोही दाबाच्या शिखराजवळच ओढून घेतात. धारित्र भरताच प्रवाह थांबतो, म्हणून ट्रायॅक वेळेआधी मिटतो. कधी एकाच अर्धचक्रात तो पुन्हा उघडतो, कधी एका दिशेला उघडतो व दुसऱ्या दिशेला उघडतच नाही. दिव्याला मिळणारी ऊर्जा अशी कमीजास्त होते आणि एलईडीत तंतूसारखी ऊब नसल्याने डोळ्यांना लुकलुक दिसते. उघडण्याची वेळ पुरवठ्याच्या दाबावरही अवलंबून असते. शेजारी शेतीचा पंप सुरू होऊन दाब खाली आला, तर ती लांबते आणि अगदी मंद केलेला दिवा क्षणभर विझूही शकतो.

गुणगुण वेगळ्या कारणाने होते. ९० अंशांवर ट्रायॅक उघडला की दिव्यावरील दाब अत्यल्प काळात शून्यावरून ३२५ व्होल्टांवर जातो. धारित्रात प्रवाहाचा झोत शिरतो. त्याने वेटोळी व त्यांचे गाभे हादरतात आणि काही सिरॅमिक धारित्रे स्वतःच किंचित आकुंचन-प्रसरण पावतात. हे सेकंदास १०० वेळा घडते. धक्का तीक्ष्ण असल्याने १०० हर्ट्झच्या पटीतील उच्च कंप्रताही उमटतात व त्या कानाला अधिक बोचतात. मूठ मध्यावर असताना आवाज सर्वांत मोठा आणि दोन्ही टोकांना कमी होत असेल, तर कारण हेच समजावे. आवाज भिंतीतून येत असेल, तर तो मंदकातील प्रवर्तक वेटोळ्याचा असतो. (तंतूचे मोठे दिवेही मंदकावर गुणगुणत, तो दोष एलईडीबरोबर जन्मलेला नाही.)

लुकलुकीचा उगम ओळखण्याची सोपी कसोटी अशी : त्याच मंदकावरील अनेक एलईडी दिव्यांपैकी एक काढून त्या जागी तंतूचा ६० वॉटचा दिवा लावावा. उरलेल्यांची लुकलुक थांबली, तर ट्रायॅकला धारण प्रवाह अपुरा पडत होता. मंद करता येतात असे वेष्टनावर नमूद केलेले दिवे अशा प्रसंगी घेतात. त्यांपैकी पुष्कळांतील मंडल मुद्दाम थोडा जादा प्रवाह ओढून ट्रायॅक उघडा ठेवते. साध्या एलईडी दिव्यात ही सोय नसल्याने तो मंदकावर लावू नये. दुसरा उपाय म्हणजे अर्धचक्राचा शेवट छाटणारा ट्रँझिस्टर मंदक. यात दाब शून्यापासून सावकाश चढतो, त्यामुळे झोत व गुणगुण दोन्ही पुष्कळ कमी होतात. मात्र पंख्याच्या मोटरीसारख्या प्रवर्तकी भारावर तो वापरीत नाहीत, कारण चालू प्रवाह मध्येच तोडल्यास वेटोळ्यात दाबाची उसळी निर्माण होते.