दामदुप्पट आणि उलटे गहाण

‘दामदुप्पट’ हा शब्द आज आपण ऐकतो तो बहुधा वर्तमानपत्रातील गुन्हेवार्तेत. अमुक योजनेने दामदुप्पट रकमेचे आमिष दाखवले, तमुक संचालक फरार झाला, अशा वाक्यांत. शब्दाचा मूळ अर्थ मात्र याच्या अगदी उलट आहे. दामदुप्पट हे आमिष नव्हते, ती मर्यादा होती. सावकाराला एका वेळी वसूल करता येणारे व्याज मुदलापेक्षा अधिक होऊ शकत नाही, म्हणजे एकूण येणे मुदलाच्या दुपटीवर थांबते, असा तो नियम. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो आहे, आणि १८५५ साली व्याजदरावरील निर्बंध कायद्याने उठवले गेल्यानंतरही मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो लागू करीत राहिली. ऋणकोचे संरक्षण करणारा शब्द ठेवीदाराला फसवणाऱ्या योजनेचे नाव व्हावा, हा अर्थांतराचा मासला भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावा असाच आहे.

हा नियम येथे आठवण्याचे कारण म्हणजे २००७ साली आपल्याकडे आलेला एक कर्जप्रकार. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘रिव्हर्स मॉर्गेज’ची घोषणा केली आणि राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. मराठीत त्याला उलटे गहाण म्हणू. नेहमीच्या गृहकर्जात आपण बँकेला दरमहा हप्ता देतो आणि कर्ज उतरत जाते. येथे बँक घरमालकाला दरमहा हप्ता देते आणि कर्ज चढत जाते. घरमालक हयात असेपर्यंत आणि त्या घरात राहत असेपर्यंत परतफेड मागितली जात नाही. त्याच्या, आणि पतिपत्नी दोघे कर्जदार असतील तर मागे राहिलेल्याच्या, मृत्यूनंतर घर विकून हिशेब चुकता होतो.

गहाणाचे जुने मराठी प्रकार ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यात फारसे नवे वाटणार नाही. ताबेगहाणात सावकार जमीन स्वतः कसून उत्पन्न खाई. मुदतखरेदीत ठरल्या मुदतीत पैसे न फेडल्यास गहाणाचीच खरेदी होई. नजरगहाणात मालमत्ता मालकाच्या ताब्यात राही आणि सावकाराची तिच्यावर केवळ ‘नजर’ असे. उलटे गहाण हे या तिसऱ्या जातीचे आहे. मालकी आणि ताबा दोन्ही म्हाताऱ्याकडे, बँकेची फक्त नजर. नवीन आहे ते एवढेच, की येथे कर्जाचे फुगणे हा अपघात नसून तीच योजना आहे.

आणि नेमके हेच फुगणे दख्खनच्या इतिहासात सर्वनाशाचे चित्र म्हणून उमटलेले आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, ती मुख्यतः कागदांसाठी. खते, रोखे, हुकूमनामे मिळवून त्यांची होळी करणे हा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावाचा ठळक विशेष होता. खतावर एवढा राग का, याचे उत्तर हिशेबाच्या एका रीतीत आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या भल्याचा. परिणाम असा झाला की दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला, आणि जुन्या खतावरचे थकलेले व्याज नव्या खताचे मुद्दल होऊ लागले. दामदुप्पटीचा नियम कागदोपत्री शाबूत, पण मुद्दलच दर खेपेस नवे, त्यामुळे दुप्पटही दर खेपेस नवी. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. मुद्दल आणि व्याज यांची खाती वेगळी मांडावीत आणि साचलेले व्याज सहसा मुदलात मिळवू नये, असे सांगितले. चक्रवाढ मोडण्याची ही तरतूद होती.

आता उलट्या गहाणाचा हिशेब मांडून पाहू. समजा, २००८ साली पुण्यात ६५ वर्षांच्या एका विधवेचा स्वतःच्या नावावरचा ५० लाखांचा फ्लॅट आहे. पेन्शन नाही, मुलगी परगावी. बँकेने १५ वर्षांच्या मुदतीत, व्याज धरून, एकूण ३० लाखांपर्यंत कर्ज चढू द्यायचे ठरवले आणि व्याज १० टक्के, दरमहा चक्रवाढ, असे धरले. १५ वर्षांनी आकडा ३० लाखांच्या आत राहायचा तर हप्ता महिना सुमारे ७,२०० रुपये पडतो. पहिल्या वर्षाअखेर बाईंच्या हाती ८६,४०० रुपये आले आणि खाते सुमारे ९०,५०० दाखवते. चार हजारांचे व्याज, काहीच नाही. पाच वर्षांनी हाती आलेले ४ लाख ३२ हजार, देणे साडेपाच लाखांच्या थोडे वर. दहा वर्षांनी हाती ८ लाख ६४ हजार, देणे पावणेपंधरा लाख. तेराव्या वर्षी व्याज मुदलाला मागे टाकते, म्हणजे दामदुप्पटीची जुनी रेषा ओलांडली जाते. २०२३ मध्ये मुदत संपते तेव्हा बाईंना मिळालेले असतात १२ लाख ९६ हजार आणि देणे असते सुमारे २९ लाख ८४ हजार. एकट्या शेवटच्या वर्षात देणे ३ लाख ६५ हजारांनी वाढले, त्यातले बाईंच्या हाती आले फक्त ८६,४००.

तेव्हा ही सावकारीच, केवळ पाटी बदललेली, असे म्हणावे काय? हा प्रश्न मला केवळ वादासाठी विचारावासा वाटत नाही. माझ्या परिचयातील अनेक सुशिक्षित वृद्ध हा आकडा पाहून नेमके हेच म्हणतात. बँकांची कर्जे सावकारी कायद्यांच्या कक्षेबाहेर आहेत, त्यामुळे दुपटीची मर्यादा येथे नाही. पण दुसरी एक मर्यादा आहे, आणि ती मुदलाऐवजी घराला बांधलेली आहे. देणे कितीही चढले तरी घराच्या विक्रीतून येईल त्यापेक्षा अधिक बँकेने मागायचे नाही. घर बुडीत गेले तर तोटा बँकेचा. वारसांच्या पगाराला, दागिन्यांना, दुसऱ्या जमिनीला हात लागत नाही. सुप्याच्या कुणब्याचे कर्ज बापाकडून मुलाकडे उतरत असे. येथे ते घराच्या उंबरठ्यावर संपते. दुसरे, मुदत संपली म्हणून बाईंना घराबाहेर काढता येत नाही. हप्ता थांबतो, वास्तव्य थांबत नाही. माझ्या मते हा फरक व्याजाच्या दरापेक्षा मोठा आहे.

अर्थात वास्तव्याला अटी आहेत आणि धोका तिथेच आहे. सलग वर्षभर घरात न राहिल्यास, मालमत्ताकर किंवा विमा थकल्यास, घर वा त्याचा भाग भाड्याने दिल्यास कर्ज तत्काळ मागता येते. बाई आजारी पडून मुलीकडे वर्षभर राहिल्या, तर कागदाच्या दृष्टीने त्यांनी घर सोडले. करार करताना व्याजदराकडे सगळे पाहतात, पाहायला हवे ते या कलमाकडे.

खरे वैगुण्य मात्र चढत्या आकड्यात नाही, थांबत्या हप्त्यात आहे. २००८ साली ७,२०० रुपयांत किराणा, औषधे, वीजबिल आणि कामवाली बाई यांचे भागू शकत होते. २०२३ पर्यंत किमती अडीचपटीहून अधिक झाल्या आणि हप्ता तोच राहिला. दर पाच वर्षांनी घराचे फेरमूल्यांकन करून हप्ता बदलण्याची वाट तत्त्वांत आहे, पण ती बँकेच्या मर्जीतून जाते. आणि ८० व्या वर्षी, जेव्हा औषधांचा खर्च सर्वांत मोठा, तेव्हा हप्ता बंद. (मुदत पुढे २० वर्षांची झाली, परंतु मुदत लांबली की हप्ता आखडतो.) यावर उपाय म्हणून २००९ मध्ये विमा कंपनीमार्फत तहहयात वर्षासन देणारा प्रकार निघाला. त्यात बँक एकरकमी पैसे विमा कंपनीला देते आणि कंपनी मरेपर्यंत रक्कम देत राहते. किंमत अशी, की व्याज पहिल्या दिवसापासून संपूर्ण रकमेवर चढू लागते.

इतके असूनही, की इतके असल्यामुळे, ही योजना आपल्याकडे रुजली नाही. २००८ च्या वित्त कायद्याने असे गहाण म्हणजे हस्तांतर नव्हे आणि येणारा हप्ता म्हणजे उत्पन्न नव्हे असे स्पष्ट करून कराची भीती काढली, तरीही नाही. पंजाब नॅशनल बँकेने आपल्या योजनेला ‘बागबान’ हे नाव दिले होते. चार वर्षांपूर्वी त्याच नावाच्या चित्रपटात मुलांनी आईबापांना वाटून घेतलेले प्रेक्षकांनी पाहिले होते. म्हणजे कर्ज विकताना बँकेने घातलेली साद व्याजदराची नव्हती, अपत्यांवरील अविश्वासाची होती. मराठी वाचकाला यासाठी हिंदी चित्रपटापर्यंत जाण्याचे कारण नाही. १९७० च्या ‘नटसम्राट’मध्ये अप्पासाहेब बेलवलकर हयातीतच सर्वस्व मुलांना देऊन मोकळे होतात आणि बेघर होतात. उलटे गहाण हा त्या दानाच्या नेमका विरुद्ध व्यवहार आहे. घर मरेपर्यंत आपले, आणि मुलांना उरेल ते. पण अप्पासाहेबांची शोकांतिका पाहून डोळे पुसणारा प्रेक्षक घरी येऊन घर मुलाच्याच नावे करतो. कारण घर विकून खाणे ही आपल्या भाषेत शिवी आहे. विकून खाणारा उधळ्या ठरतो, त्याचे वय कोणी विचारत नाही.

शिवाय मार्गदर्शक तत्त्वांनी घर स्वकष्टार्जित असले पाहिजे अशी अट घातली. वडिलोपार्जित वाड्यात राहणारा, चुलतभावांशी हिश्श्याचा दावा चालू असलेला वृद्ध आपोआप वगळला गेला. राहिले ते नोकरीतून फ्लॅट घेतलेले शहरी मध्यमवर्गीय, आणि त्यांच्यात पेन्शन नसलेले. हा गट मुळात लहान, आणि त्यांच्या मुलांना घराची किंमत पक्की ठाऊक.

वर धरलेल्या बाई आणखी पाच वर्षे जगल्या आणि व्याजदर तोच राहिला तर देणे ४९ लाखांच्या आसपास जाईल. मृत्यूनंतर मुलीला पहिला हक्क आहे: देणे फेडून घर सोडवून घेण्याचा. ते शक्य नसेल तर विक्रीसाठी साधारण दोन महिन्यांचा अवधी. घर विकून बँकेचे देणे भागल्यावर जे उरेल ते तिचे. दोन महिन्यांत तिला आईचे दिवस करायचे असतात, वारसाचे कागद जमवायचे असतात, सोसायटीचे ना हरकत पत्र आणायचे असते आणि गिऱ्हाईक शोधायचे असते. बाईंनी हे गहाण आपल्याला न सांगता केले होते असे तिला त्याच आठवड्यात कळले, तर त्यांतले पहिले काम तरी ती कोणत्या मनाने करणार?