नेमके दोन

एका विद्यार्थिनीने मला पाठ्यपुस्तकातल्या एका प्रश्नाचे छायाचित्र मोबाइलवर पाठवले होते. कडेला पेन्सिलीने केलेली आणि खोडलेली आकडेमोड त्यात दिसत होती. प्रश्न असा: ‘रुग्णालयाच्या अपघात विभागात तासाला सरासरी ४ रुग्ण येतात. एका तासात नेमके २ रुग्ण येण्याची संभाव्यता काढा.’ तिने २ ला ४ ने भागून उत्तर ०.५ काढले होते. हे पुस्तक त्या खोडलेल्या उत्तरापासून सुरू होते, कारण पहिल्यांदा या विषयाकडे येणारे बहुतेक जण तिथेच अडतात.

सरासरी ४ म्हणजे दर तासाला चार नव्हे. एखादा तास रिकामा जातो, एखाद्यात सात जण येतात. रुग्ण येण्याची वेळ ठरलेली नसते, एकाचे येणे दुसऱ्यावर अवलंबून नसते आणि येण्याचा वेग तासभर बदलत नाही, एवढे आपण गृहीत धरतो. आता तासाचे एकेका मिनिटाचे ६० तुकडे करा. एका मिनिटात रुग्ण येण्याची शक्यता ४/६०, म्हणजे १/१५. न येण्याची १४/१५. साठही मिनिटे कोणी न येण्याची संभाव्यता १४/१५ चा साठावा घात, म्हणजे सुमारे ०.०१५९. पण एकाच मिनिटात दोघेही येऊ शकतात, म्हणून तुकडे आणखी बारीक करू. ३६०० सेकंद घेतले तर उत्तर ०.०१८३ च्या जवळ जाते आणि त्यापुढे कितीही बारीक केले तरी तिथेच स्थिरावते. ही स्थिर संख्या म्हणजे e⁻⁴. सूत्रात e कुठून उगवला, असे विद्यार्थी हमखास विचारतात. तो तासाच्या या अतिसूक्ष्म तुकड्यांतून आला आहे.

शून्य रुग्णांची संभाव्यता हातात आली की पुढच्या पायऱ्या सोप्या आहेत. ०.०१८३ ला ४ ने गुणा आणि १ ने भागा, म्हणजे एका रुग्णाची संभाव्यता मिळते: ०.०७३३. तिला ४ ने गुणून २ ने भागा: ०.१४६५. हेच छायाचित्रातल्या प्रश्नाचे उत्तर. दर सात तासांमागे साधारण एका तासात नेमके दोन रुग्ण येतील. सरासरीला λ आणि रुग्णसंख्येला k म्हणून परीक्षेत हेच एका ओळीत लिहितात:

P(k) = λᵏ e^(−λ) / k!

तसेच पुढे गेलात तर तीन आणि चार रुग्णांची संभाव्यता एकच निघते, ०.१९५४. सरासरी चार असूनही नेमके चार रुग्ण पाच तासांतून जेमतेम एका तासात येतात. ‘सरासरी’ आणि ‘नेमके’ या दोन शब्दांमधले अंतर मला याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

हे सूत्र सिमेआँ-दनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या १८३७ सालच्या ग्रंथात येते. तो ग्रंथ न्यायालयीन निकालांच्या संभाव्यतेवर होता. प्रत्यक्ष आकड्यांशी सूत्राचा गाजलेला मेळ लावून दाखवला तो लाडिस्लाउस बोर्टकिएविचने, १८९८ मध्ये. प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांच्या नोंदी त्याने घेतल्या. १० दले आणि २० वर्षे मिळून २०० नोंदी, मृत्यू १२२, म्हणजे सरासरी ०.६१. एकही मृत्यू नसलेल्या नोंदी सूत्रानुसार १०८.७ हव्यात, प्रत्यक्षात १०९ होत्या. एका मृत्यूच्या ६६.३ हव्यात, होत्या ६५. दोनच्या २०.२ हव्यात, होत्या २२. मूळ आकडेवारी १४ दलांची होती. ज्यांची घडण इतरांहून वेगळी होती ती चार दले या हिशेबातून बाजूला ठेवली आहेत. माझ्या मते विद्यार्थ्याने सर्वात जास्त लक्षात ठेवावी ती हीच गोष्ट, कारण वेग सगळीकडे सारखा नसेल तर सूत्र लावण्यात अर्थ उरत नाही.

ते लागू आहे की नाही, हे तपासण्याची एक साधी खूण आहे. या वितरणात सरासरी आणि व्हेरियन्स, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी, सारखे असतात. घोड्यांच्या नोंदींत दोन्ही ०.६१ निघतात. अपघात विभागात मात्र एखादी बस उलटली की एकदम वीस रुग्ण येतात आणि रात्रीचा वेग दिवसाच्या वेगापेक्षा वेगळा असतो. अशा नोंदींत व्हेरियन्स सरासरीच्या बराच वर जातो. तसे दिसले तर आकडेमोड थांबवून आधी गृहीतके तपासावीत.

आणखी एक चूक प्रश्न वाचतानाच होते. सरासरी तासाची दिलेली असते आणि विचारलेले असते अर्ध्या तासाचे. अशा वेळी आधी λ बदलायचा, ४ चा २ करायचा. पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकाने अर्ध्या तासात नेमके २ रुग्ण येण्याची संभाव्यता वरच्याच पायऱ्यांनी हाताने काढून पाहावी. e⁻² म्हणजे ०.१३५३, आणि उत्तर ०.२७०७ यायला हवे.