ओल्या डेकवर साधे स्निकर्स का घसरतात?

वाणगावहून चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊन होडीत बसणार असाल, तर आधी बुटाचा तळ बघा. साध्या स्निकर्सच्या सपाट, कडक तळाखाली पाण्याचा पातळ थर अडकतो. रबर डेकला नीट टेकतच नाही आणि पाय सटकतो.

यावरचा उपाय १९३५ मध्ये अमेरिकेतल्या पॉल स्पेरी यांनी काढला. त्यांचा कुत्रा बर्फावरही न घसरता पळायचा, कारण त्याच्या पंजांवर बारीक चिरा होत्या. तशाच नागमोडी चिरा त्यांनी रबरी तळाला पाडल्या. पाऊल टेकलं की त्यांच्या कडा पाणी पुसतात, पाणी चिरांत शिरतं आणि रबर डेकला धरतं.

डेक शूजचा तळ बहुधा पांढरा असतो, कारण काळ्या रबराचे डाग डेकवर उठू शकतात. खात्रीसाठी तळ पांढऱ्या कागदावर घासून बघा.

विकत घेताना तळ वाकवा, चिरा उघडल्या पाहिजेत. वाळूतून चालत होडीत चढलात तर चिरा वाळूने बुजतात, म्हणून चढण्याआधी तळ पाण्यात खळखळून घ्या. शेवाळ, डिझेल किंवा माशांच्या चिकट्यावर मात्र हे बूटही घसरतात. आणि चिरा झिजून गेल्या, की तो साधाच बूट.