खलबत्त्यातून निघालेला सिद्धांत

लंडनच्या विग्मोर स्ट्रीटवर ब्रिजमन नावाचा मिठाईवाला होता. मागच्या स्वयंपाकघरात, शेजाऱ्याच्या भिंतीला लागून, त्याने दोन मोठे संगमरवरी खल बसवले होते. साखरेचे खडे आणि इतर कठीण जिन्नस त्यात लाकडी बत्त्यांनी कुटले जात. वीस वर्षांहून अधिक काळ हे चाललं होतं आणि कोणाची मोठी तक्रार नव्हती. मागच्या बाजूला, विम्पोल स्ट्रीटवर, डॉ. स्टर्जिस १८६५ मध्ये राहायला आले, तरी आठ वर्षं काही बिनसलं नाही. मग १८७३ मध्ये डॉक्टरांनी बागेच्या टोकाला, नेमकी त्या भिंतीला खेटून, रुग्ण तपासायची खोली बांधली. छातीला कान लावून आवाज ऐकायचा आणि भिंतीपलीकडून धडाधड बत्ते! प्रकरण कोर्टात गेलं. ‘आम्ही आधीपासून कुटतोय’ हा मिठाईवाल्याचा युक्तिवाद टिकला नाही आणि १८७९ मध्ये निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला.

हा खटला वकिलांच्या पुस्तकातच राहिला असता. पण व्हर्जिनिया विद्यापीठातल्या रोनाल्ड कोस या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९५९ मध्ये रेडिओच्या लहरींवर लेख लिहिताना तो वापरला. लहरींचे हक्क स्पष्ट ठरवून ते विकू द्या, म्हणजे सुरुवातीला ते कोणालाही मिळाले तरी शेवटी ज्याला त्यांचं मोल सर्वांत जास्त त्याच्याकडे जातील, असं त्याचं म्हणणं होतं. शिकागोच्या पंडितांना हे चूक वाटलं. त्या काळी सगळे आर्थर पिगूच्या वाटेने जात: ज्याच्यामुळे त्रास होतो त्याच्यावर सरकारने कर बसवावा किंवा त्याला आवरावं. कोसला शिकागोला बोलावलं गेलं आणि ॲरन डिरेक्टरच्या घरी जेवणानंतर वाद रंगला. मिल्टन फ्रीडमन होता, जॉर्ज स्टिगलरही होता. स्टिगलरने पुढे लिहिलं, की सुरुवातीला मतं वीस विरुद्ध एक होती आणि शेवटी एकवीसच्या एकवीस कोसकडे. ते सगळं लिहून काढ, असं त्याला सांगण्यात आलं. त्यातून १९६० चा ‘सामाजिक खर्चाचा प्रश्न’ हा लेख आला.

कोसचं म्हणणं आपल्या आकड्यांनी पाहू. समजा, खल बंद केले तर मिठाईवाल्याचं वर्षाला १०० पौंडांचं नुकसान आणि ते चालू राहिले तर डॉक्टरांचं ६० चं. हक्क डॉक्टरांकडे असेल तर मिठाईवाला त्यांना, म्हणा, ८० पौंड देऊन ‘कुटू द्या’ म्हणेल. डॉक्टरांना २० उरतील, त्यालाही २० वाचतील. हक्क मिठाईवाल्याकडे असेल तर डॉक्टर फार तर ६० देऊ करतील, तो १०० च्या खाली उतरणार नाही आणि कुटणं चालूच राहील. निकाल कोणताही लागो, बत्ते थांबत नाहीत. बदलतं ते फक्त पैसे कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात जातात ते. आवाज पुरता अडवणारी जाड भिंत २० पौंडांत उभी राहत असेल, तर दोन्ही निकालांत तीच उभी राहील. हक्क डॉक्टरांचा असेल तर मिठाईवाल्याच्या खर्चाने, नसेल तर डॉक्टरांच्या. यात एक खोचही आहे. त्रास फक्त मिठाईवाला देतो असं नाही. त्याला थांबवलं तर डॉक्टर त्याचं नुकसान करतात.

आता एकच आकडा घालू. भिंतीची सोय नाही आणि बोलणी, वकील, करारनामा यांवर वर्षाला ५० पौंड जातात. डॉक्टरांकडे हक्क असताना सौद्यातून दोघांना मिळून सुटणारे पैसे फक्त ४०. मग सौदा होत नाही आणि १०० पौंडांचा धंदा ६० पौंडांच्या त्रासापायी बंद पडतो. मिठाईवाल्याकडे हक्क असता तर सौद्याची गरजच नव्हती. म्हणजे आता कोर्टाचा निकालच सगळं ठरवतो. दोन शेजारी असतील तोवर हा खर्च कमी असतो. एका धुराड्याखाली हजार घरं असतील तर प्रत्येकजण दुसऱ्याच्या पैशाने हवा शुद्ध होण्याची वाट पाहतो.

‘कोसचा सिद्धांत’ हे नाव कोसने दिलेलं नाही. स्टिगलरने १९६६ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात ते वापरलं आणि सौद्याचा खर्च शून्य असलेलं ते जग कोसच्या नावावर चढलं. कोसला हे आवडलं नाही. त्याला सांगायचं होतं ते नेमकं उलटं: खर्च शून्य कधीच नसतो, म्हणून कायदा आणि संस्था यांचा अभ्यास करा. हे त्याने १९८८ च्या पुस्तकात बजावलं आणि १९९१ मध्ये नोबेलही मिळालं, पण पाठ्यपुस्तकांत बहुधा पहिला अर्धाच भाग राहिला. मला तरी दुसराच अर्धा अधिक मोलाचा वाटतो.

१९९९ मध्ये वॉर्ड फार्न्सवर्थ या कायद्याच्या अभ्यासकाने शेजारत्रासाचे वीस अमेरिकन खटले घेतले आणि निकालानंतर पक्षकारांनी तो हक्क विकायची बोलणी केली का, हे त्यांच्या वकिलांना विचारलं. एकाही खटल्यात तशी बोलणी झाली नव्हती. खर्च हे कारण वकिलांनी फारसं सांगितलं नाही. सांगितलं ते कडवटपणाचं आणि कोर्टाने दिलेला हक्क पैशाला विकायच्या नावडीचं.