शेवग्याची भुकटी : दावा किती, चमच्यात किती?

दुधाच्या सतरापट कॅल्शियम आणि पालकाच्या पंचवीसपट लोह, असे दावे शेवग्याच्या पानांच्या भुकटीच्या पाकिटांवर सर्रास आढळतात. हे आकडे सर्वस्वी खोटे नाहीत. मात्र तुलना फसवी आहे. ती शंभर ग्रॅम भुकटी आणि शंभर ग्रॅम दूध किंवा ताजा पालक यांच्यात केलेली असते. दूध आणि पालक यांत बहुतांश पाणी असते, तर भुकटीतले पाणी आधीच काढून टाकलेले असते. शिवाय शंभर ग्रॅम भुकटी एका दिवसात कोणीही खात नाही.

कॅल्शियमचाच हिशेब पाहू. शंभर ग्रॅम भुकटीत सुमारे २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. चहाच्या चमच्यात साधारण अडीच ग्रॅम भुकटी मावते. म्हणजे कॅल्शियम मिळते सुमारे ५० मिलिग्रॅम. पेलाभर (२०० मिलिलिटर) दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. पेल्याची बरोबरी करण्यासाठी पाच चमचे भुकटी लागेल आणि तिच्या उग्र, कडसर चवीमुळे ती घशाखाली उतरणे कठीण. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज १,००० मिलिग्रॅम आहे. लोहाचेही तसेच. चमचाभर भुकटीत ते एक मिलिग्रॅमही भरत नाही आणि वनस्पतिजन्य असल्याने त्यातला थोडाच भाग अंगी लागतो. त्यामुळे रक्तक्षयावर उपचार म्हणून भुकटीवर विसंबणे योग्य नव्हे.

रोज एक ते दोन चमचे हे व्यवहार्य प्रमाण. सुरुवात अर्ध्या चमच्याने करावी. एकदम जास्त घेतल्यास पोट बिघडू शकते. वरण, थालीपीठ किंवा भाकरीच्या पिठात ती सहज मिसळते. सोबत लिंबू पिळल्यास लोहाचे शोषण सुधारते. वाळवताना 'क' जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते, तर कडक उन्हात 'अ' जीवनसत्त्वाचा पूर्वघटकही घटतो. म्हणून सावलीत वाळवलेली, हिरवीगार भुकटी निवडावी. तपकिरी पडलेली टाळावी. पाला मिळत असेल, तर वाटीभर भाजी चमचाभर भुकटीपेक्षा सरस ठरते.

काहींनी मात्र ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम पानांतील 'के' जीवनसत्त्वाने कमी होऊ शकतो. मधुमेह व रक्तदाबाच्या औषधांसोबत साखर किंवा दाब गरजेपेक्षा खाली जाण्याची शक्यता असते. घाम, थरथर, चक्कर ही त्याची लक्षणे. थायरॉईडची गोळी आणि भुकटी एकाच वेळी घेऊ नये. गर्भवतींनी मूळ व साल कटाक्षाने टाळावी, कारण त्यांमुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. पाल्याची भाजी आहारात चालते. भुकटीच्या किंवा अर्काच्या मोठ्या मात्रेची सुरक्षितता मात्र गर्भावस्थेत सिद्ध झालेली नाही.