स्पर गिअरचे प्रतिमान

सरळ दात्यांच्या गिअरची संगणकावरील रचना. पिच व्यास भागिले दात्यांची संख्या म्हणजे मॉड्यूल. जोडीत तो आणि दाबकोन (सहसा २०°) समान हवा. मॉड्यूल २ मिमी, दाते २० व ४० असल्यास पिच व्यास ४० व ८० मिमी, केंद्रांतर ६० मिमी. लहान गिअरच्या पायावर्तुळाचा व्यास ४० × cos २०° = ३७.५९ मिमी. या वर्तुळावरचा दोरा ताणून उलगडताना त्याचे टोक जो मार्ग आखते, तो इन्व्होल्यूट; दात्याची एक कड.

दुसरी कड आरशातल्यासारखी उलटवताना हमखास चूक होते. लहान गिअरच्या दात्याची मध्यरेषा पिच वर्तुळावरील छेदबिंदूपासून ४.५° वर, पण वक्राच्या आरंभापासून ५.३५° वर असते. आरंभापासूनच ४.५° मोजले, तर पिच वर्तुळावर दाता सुमारे ०.६ मिमी बारीक होतो आणि जोडी खडखडते.